प्राचार्यांच्या सहीची हद्द

‘सर, कॉलेजात हॅकिंग क्लब सुरू करायचा आहे. कृपया परवानगी द्यावी.’

दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या हौशी विद्यार्थ्याने प्राचार्यांना एवढाच ईमेल पाठवला, तर बहुधा उत्तर येत नाही. आलंच, तर ‘विभागप्रमुखांना भेटा’ असं येतं आणि विभागप्रमुख म्हणतात, ‘परीक्षा होऊ दे, मग बघू.’ यात प्राचार्यांना जुनाट ठरवण्यासारखं काही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तीन प्रश्न उभे राहतात. काही बिघडलं तर जबाबदार कोण? खर्च किती? आणि उद्या पोलीस दारात आले तर संस्थेच्या अध्यक्षांना काय सांगायचं? एका ओळीच्या ईमेलमध्ये यातल्या एकाचंही उत्तर नसतं.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. त्याचं उत्तर क्लबच्या उत्साहात सापडत नाही, ते माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ मध्ये सापडतं. संगणकाच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे अशा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय त्या संगणकात, संगणकप्रणालीत किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, त्यात व्हायरस सोडणं, तिचं काम अडवणं, हे सगळं या कलमात येतं. त्यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. हेच कृत्य लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम ६६ लागू होतं आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे ‘मी फक्त शिकायला करून पाहिलं’ हे म्हणणं फौजदारी खटल्यात कदाचित उपयोगी पडेल, पण भरपाईच्या दाव्यात ते ढाल होईलच असं नाही.

कलम ४३ पुन्हा वाचलं, की त्यात एक शब्द उठून दिसतो: परवानगी. तेच पोर्ट तपासणं, तोच पासवर्ड फोडणं, तीच आज्ञा. परवानगी असेल तर तो सराव, नसेल तर कायद्याचा भंग. त्यामुळे विद्यार्थी प्राचार्यांकडे मागतात ती फक्त बुधवारची दुपार आणि लॅबची किल्ली नसते. कायद्याला अपेक्षित असलेली लेखी परवानगी ते मागत असतात. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयांची मालकी शिक्षण संस्थेकडे असते आणि आवारातली यंत्रं प्राचार्यांच्या ताब्यात असतात, म्हणून ‘जबाबदार व्यक्ती’ या नात्याने ते ही परवानगी देऊ शकतात. मात्र जे त्यांच्या ताब्यात आहे, तेवढ्यापुरतीच. ईमेलचा सगळा मसुदा या ‘तेवढ्यापुरतीच’भोवती बांधावा लागतो.

समजा, एका तालुक्याच्या गावातल्या वरिष्ठ महाविद्यालयात बी.एस्सी. संगणकशास्त्राचे चौदा विद्यार्थी हा क्लब काढू पाहताहेत. त्यांचं पत्र साधारण असं सुरू व्हावं:

‘प्रति, मा. प्राचार्य. मार्फत, विभागप्रमुख, संगणकशास्त्र. विषय: संगणक सुरक्षा सराव मंडळ एका सत्रासाठी सुरू करण्यास आणि सोबत जोडलेल्या नियमावलीस लेखी मान्यता मिळणेबाबत. महोदय, आम्ही चौदा विद्यार्थी दर बुधवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत लॅब क्र. ३ मधील सात संगणकांवर, इंटरनेट व महाविद्यालयीन नेटवर्कपासून तोडलेल्या वातावरणात संगणक सुरक्षेचा सराव करू इच्छितो. या सात संगणकांखेरीज अन्य कोणत्याही यंत्रणेची तपासणी आम्ही करणार नाही. सोबतच्या परिशिष्टात त्यांचे डेड स्टॉक क्रमांक दिले आहेत.’

‘मार्फत’ हा शब्द गाळून थेट प्राचार्यांना लिहिणं ही पहिली चूक ठरते. पत्र फिरून विभागप्रमुखांकडेच येतं आणि आपल्याला वगळलं गेलं याची सल सोबत घेऊन येतं. विषयात ‘हॅकिंग’ नाही, हेही लक्षात घ्यावं. लपवाछपवीचा हेतू त्यात नाही. नियमावलीत पुढे ‘हल्ल्याचा सराव’ असे शब्द उघडपणे येतातच. पण शंभर ईमेलच्या यादीत विषयाची ओळच आधी वाचली जाते.

डेड स्टॉक क्रमांकाचं सुचणं वरवर कारकुनी वाटेल. प्रत्यक्षात पत्रातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे. कॉलेजातल्या प्रत्येक संगणकाच्या पाठीवर रंगाने लिहिलेला हा क्रमांक आणि भांडारातल्या जाडजूड रजिस्टरातली त्याची नोंद, यांनी परवानगीला कुंपण घातलं जातं. ‘कॉलेजच्या संगणकांवर सराव’ असं मोघम लिहिलं, की त्यात ग्रंथालयाचा संगणक, कार्यालयातला पगारपत्रकांचा संगणक आणि प्राचार्यांचा स्वतःचा लॅपटॉपही येतो. क्रमांकांनी बांधलेल्या परवानगीत मात्र सात यंत्रं येतात, आठवं येत नाही.

आता जे प्राचार्यांच्या ताब्यात नाही त्याकडे वळू. कॉलेजची वेबसाइट बहुधा कुठल्या तरी होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असते. प्रवेश, फी आणि हजेरीची प्रणाली एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीची असते. निकालाचं संकेतस्थळ विद्यापीठाचं. शेजारच्या बाकावरच्या मित्राचा फोन मित्राचा. यांतल्या एकाच्याही तपासणीला प्राचार्य परवानगी देऊ शकत नाहीत, सही केली तरी नाही. होतकरू मुलांना हे पटवणं सर्वांत अवघड जातं. ‘आपल्याच कॉलेजची साइट आहे की!’ हा युक्तिवाद हमखास येतो. साइटवर कॉलेजचं बोधचिन्ह असलं, तरी ती ज्या यंत्रावर चालते ते दुसऱ्याचं असतं.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या डॉसन कॉलेजमध्ये हेच घडलं. २०१३च्या जानेवारीत ही बातमी जगभर गेली. संगणकशास्त्राच्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला एका मित्रासोबत काम करताना कॉलेजं वापरत असलेल्या ऑम्निव्हॉक्स नावाच्या पोर्टलमध्ये एक भगदाड दिसलं. त्यातून इतर विद्यार्थ्यांची खासगी माहिती उघडी पडत होती. त्याने ते कॉलेजला कळवलं आणि तिथे त्याचं कौतुकही झालं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. दोनेक दिवसांनी, भगदाड बुजवलं का हे बघायला, त्याने अक्युनेटिक्स नावाचं तपासणीचं साधन त्या पोर्टलवर चालवलं. हे साधन थोड्या वेळात असंख्य विनंत्या पाठवून एकेक कच्चा दुवा चाचपतं. दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला हल्ला आणि ही तपासणी यांत फरक करता येत नाही. पोर्टल बनवणाऱ्या कंपनीने त्याला फोन केला. पुढे कॉलेजने त्याला काढून टाकलं. नंतर त्याच कंपनीने त्याला अर्धवेळ काम आणि शिष्यवृत्ती देऊ केली, हे विशेष.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, असं मानायला भरपूर जागा आहे. पण पहिल्या वेळी भगदाड योगायोगाने दिसलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने दुसऱ्याच्या यंत्रावर साधन चालवलं आणि त्यासाठी कुणालाही विचारलं नाही. क्लबच्या नियमावलीत या एका प्रसंगासाठी वेगळं कलम हवं. ते असं लिहिता येईल: ‘सरावाबाहेरच्या कोणत्याही यंत्रणेत दोष योगायोगाने आढळल्यास सदस्य तिथेच थांबेल. खात्री करून घेण्यासाठीसुद्धा पुन्हा प्रयत्न करणार नाही. माहिती उतरवून घेणार नाही, मित्रांना दाखवणार नाही. काय दिसलं, केव्हा आणि कसं, एवढं त्याच दिवशी मार्गदर्शक प्राध्यापकांना लेखी देईल. पुढचा पत्रव्यवहार महाविद्यालय करेल.’ ‘खात्री करून घेण्यासाठीसुद्धा’ हे शब्द कितीही जाचक वाटले, तरी खोडू नयेत. डॉसनचा सगळा धडा त्यांत आहे.

परवानगी कशी लिहावी याचा एक सुरेख नमुना इंटरनेटवरच आहे. एनमॅप हे पोर्ट तपासण्याचं जगभर वापरलं जाणारं साधन. ते बनवणाऱ्यांनी `scanme.nmap.org` नावाचं एक यंत्र लोकांच्या सरावासाठी मोकळं ठेवलं आहे. त्याच्या पानावर थोडक्यात लिहिलंय की हे यंत्र तपासायची तुम्हाला परवानगी आहे, दिवसातून मोजक्या वेळा तपासलं तर हरकत नाही, शंभरदा नको आणि पासवर्ड फोडण्याची साधनं इथे चालवू नका. काय चालेल, किती चालेल आणि काय चालणार नाही, सगळं दोन-तीन वाक्यांत. क्लबची नियमावली याहून लांब होणारच, पण तिच्या प्रत्येक कलमाने याच तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत.

आता दर आठवड्याच्या प्रयोगाकडे. ईमेलमध्ये बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्राचार्य तो वाचणार नाहीत, आणि वाचला तर त्यातली नावं पाहून बिचकतील. त्यापेक्षा एक प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवावा, म्हणजे मुलांना काय करायचंय आणि कुठे थांबायचंय ते कळतं.

लॅबमधल्या ८ जीबी रॅमच्या साध्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकायचं. त्यात संगणकाच्या पोटात आणखी दोन संगणक चालवता येतात. एक काली लिनक्स, म्हणजे तपासणाऱ्याचं यंत्र, त्याला २ जीबी रॅम. दुसरं मेटास्प्लॉइटेबल २, मुद्दाम दोष ठेवून बनवलेलं सरावाचं यंत्र. ते इतकं जुनं आहे की अर्धा जीबीसुद्धा त्याला पुरतो. खर्चाच्या रकान्यात इथे शून्य येतं आणि ते ईमेलमध्ये ठळक लिहावं. खरी अडचण वेगळीच असते. संगणकाच्या बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर काहीच सुरू होत नाही, आणि बायॉसचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो. विंडोजची हायपर-व्ही सोय चालू असेल तर यंत्रं चालतात, पण रखडत, आणि व्हर्च्युअलबॉक्स खालच्या पट्टीत चक्क एक हिरवं कासव दाखवतं. म्हणून लॅब असिस्टंटना मंडळाचे तांत्रिक सहायक म्हणून पत्रातच स्थान द्यावं. त्यांच्या मदतीशिवाय पहिला बुधवार कासवाकडे बघण्यात जाईल.

काली लिनक्सची काही जीबींची फाइल सातही संगणकांवर कॉलेजच्या इंटरनेटवरून उतरवू नये. एकदा उतरवून, तिची बेरीज-खूण तपासून, पेनड्राइव्हवरून वाटावी. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तो आधी एक्सएफएटी करून घ्यावा लागतो.

पुढे प्रयोग. दोन्ही यंत्रांचं नेटवर्क व्हर्च्युअलबॉक्समध्ये `Host-only Adapter` या पर्यायावर ठेवायचं. मग ती दोघं एकमेकांशी आणि पोटात घेणाऱ्या संगणकाशीच बोलू शकतात, बाहेर नाही. त्यांचे पत्ते सहसा `192.168.56` ने सुरू होतात. कालीवरून ही आज्ञा द्यायची:

```
nmap -sV 192.168.56.102
```

काही सेकंदांत उघड्या दारांची यादी येते, वीसहून अधिक. पहिल्या ओळींपैकी एक अशी दिसते:

```
21/tcp open  ftp  vsftpd 2.3.4
```

या एका ओळीमागे खरी गोष्ट आहे. व्हीएसएफटीपीडी हे फाइल पाठवण्याचं, सुरक्षेसाठीच नावाजलेलं सॉफ्टवेअर. २०११ साली जून-जुलैच्या संधीकाळात कुणीतरी त्याच्या मूळ संकेतस्थळावरची २.३.४ आवृत्तीची फाइल बदलली आणि तिच्यात चोरदार घातलं. वापरकर्त्याच्या नावात `:)` हे हसरं चिन्ह टंकलं, की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडतं आणि तिथून यंत्राचा पूर्ण ताबा मिळतो. लेखक ख्रिस इव्हान्स यांनी जुलैच्या सुरुवातीला हे जाहीर केलं. त्या फाइलची डिजिटल सही जुळत नव्हती, म्हणजे ज्याने सही तपासली असती त्याला ती फाइल बदललेली आहे हे तेव्हाच कळलं असतं.

प्रयोगात मुलं तेच करतात. एका खिडकीत एफटीपीला जोडून नाव म्हणून `abc:)` देतात आणि काहीतरी पासवर्ड टंकतात. दुसऱ्या खिडकीत ६२०० वर जोडून `id` लिहितात. उत्तरात `root` दिसतं. दहा मिनिटांत संपणारा प्रयोग आहे. उरलेला वेळ त्याच्या उलट्या बाजूला द्यायचा. ही फाइल आपण उतरवली असती तर सही कशी तपासली असती? यंत्रावर ६२०० पोर्ट उघडं पडलंय हे यंत्राच्या मालकाला कसं कळलं असतं? फायरवॉलने ते कसं अडवलं असतं? क्लबचा उद्देश बचावाचं शिक्षण असल्याचं पत्रात म्हटलं असेल, तर तो प्रत्येक दोन तासांत दिसायला हवा. आणि आपल्याच पेनड्राइव्हवरच्या फाइलची बेरीज-खूण का तपासली, हेही मुलांना आता आपोआप कळतं.

या प्रयोगात चूक कुठे होते? जवळजवळ नेहमी दोन ठिकाणी. पहिलं, नेटवर्कच्या यादीत `Host-only Adapter` ऐवजी `Bridged Adapter` निवडलं जातं. मग ते दोषांनी भरलेलं यंत्र थेट कॉलेजच्या नेटवर्कवर जाऊन बसतं आणि आवारातला कुणीही त्याचा ताबा घेऊ शकतो. ओळखायची खूण सोपी आहे. मेटास्प्लॉइटेबलवर `ifconfig` दिलं आणि पत्ता `192.168.56` ने सुरू झाला नाही, तर ताबडतोब ते यंत्र बंद करायचं. दुसरी चूक टंकलेखनाची. एखाद्या मुलाने घरून आणलेल्या सवयीने कालीला इंटरनेटही जोडून ठेवलेलं असतं. त्याने `56` च्या जागी `1` टंकला, तर तपासणी कॉलेजच्या खऱ्या यंत्रांकडे जाते. नेटवर्क सांभाळणाऱ्याला फायरवॉलच्या नोंदीत दिसतं की लॅब ३ मधला एक संगणक काही क्षणांत शेकडो पोर्टांवर टकटक करतोय. काली कुणाला दिसतच नाही, दिसतो तो तिला पोटात घेणारा संगणक, म्हणजेच त्याचा डेड स्टॉक क्रमांक. कुंपण असं उलट्या बाजूनेही कामी येतं.

म्हणून नियमावलीत दोन ओळी हव्यात. सरावाच्या वेळी कालीसुद्धा फक्त `Host-only Adapter` वर असेल. आणि प्रत्येक सत्रात एका नोंदवहीत तारीख, सदस्याचं नाव, संगणकाचा क्रमांक, तपासलेला पत्ता आणि सुरू-बंद झाल्याची वेळ लिहिली जाईल, खाली मार्गदर्शक प्राध्यापकांची सही. ही वही कुणी मागितली नाही तरी ठेवायची. फायरवॉलच्या नोंदीत काही विचित्र दिसलं आणि कुणी प्रश्न केला, तर ‘तेव्हा आम्ही हे करत होतो’ किंवा ‘तेव्हा लॅब बंद होती’ हे सांगायला दुसरा आधार नसतो. तसंही अंतर्गत गुणवत्ता कक्षाला वर्षअखेर अहवाल आणि फोटो लागतातच. एकच वही दोन्हीकडे चालते.

वाय-फायच्या सरावाचं काय, असं हमखास विचारलं जातं. वायरशार्क हे साधन हवेतल्या किंवा तारेतल्या माहितीचं चित्र दाखवतं, आणि ते शिकायलाच हवं. पण कॉलेजच्या वाय-फायवर ते लावलं तर त्यात आपल्याखेरीज इतरांची माहितीही येऊ शकते, आणि त्यांची परवानगी प्राचार्य देऊ शकत नाहीत. उत्तर प्रयोगातच आहे. वायरशार्क फक्त त्या बंद नेटवर्कवर, दोन आभासी यंत्रांमधल्या बोलण्यावर लावायचं. एफटीपीचा पासवर्ड तिथेही तसाच उघडा दिसतो.

एक बारीक पण टाळता न येणारी गोष्ट वयाची. वरिष्ठ महाविद्यालयाला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असतं आणि अकरावी-बारावीची मुलं उत्सुकतेने येतात. ती अठरा वर्षांखालची असली तर त्यांच्यासोबत पालकांचीही सही घ्यावी, आणि पालकांना नियमावलीची मराठी प्रत द्यावी. इंग्रजी नियमावलीवर न वाचता केलेली सही कुणाच्याच कामाची नाही.

ईमेलचा शेवट मागणीने करावा, आभाराने नाही. ‘सोबतची नियमावली व संगणकांची यादी यांना या सत्राच्या अखेरपर्यंत मान्यता द्यावी, मार्गदर्शक म्हणून एका प्राध्यापकांचे नाव निश्चित करावे, आणि नियमभंग झाल्यास मंडळाचे काम तात्काळ थांबवण्याचा अधिकार त्यांना असावा, ही विनंती.’ सत्राची मुदत मुद्दाम घातलेली आहे. ‘कायम परवानगी’ द्यायला कुठलेही प्राचार्य धजावत नाहीत, चार-पाच महिन्यांची देतात. ती संपली की सुट्टीत लॅबमध्ये येऊन केलेला सराव परवानगीबाहेर जातो, हेही आपोआप ठरतं.

अशा पत्रावर ‘मान्य. यादीतील यंत्रांपुरते’ असा शेरा आला, की पहिल्या बुधवारी सातही पडद्यांवर सर्वांत आधी एकच आज्ञा टंकायची, दोन्ही आभासी यंत्रांवर:

```
ping 8.8.8.8
```

उत्तर `Network is unreachable` असं यायला हवं. सातांपैकी एकावर जरी वेगळं उत्तर आलं, तरी त्या दिवशी एनमॅप उघडायचं नाही. आधी ते यंत्र शोधायचं आणि त्याचा डेड स्टॉक क्रमांक वहीत लिहायचा.